तारखेच्या जागी ##### दिसतंय? कारखान्यातल्या आणि अडतीतल्या हिशेबनिसांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि शाहू मार्केट यार्ड इथल्या लहान कारखान्यांची आणि अडत दुकानांची हिशेबाची कामं मी बरीच वर्षं करते. नव्यानं संगणकावर बसलेल्या मुलामुलींना एक्सेलही शिकवते. एप्रिलच्या आसपास, जुन्या वर्षाचे हिशेब बंद होऊन नव्याचे सुरू होतात तेव्हा, मला सगळ्यात जास्त फोन ह्या हॅशच्या खुणांबद्दल येतात. बहुतेक वेळा उत्तर अर्ध्या मिनिटाचं असतं. पण काही वेळा त्या खुणेखाली खरी चूक लपलेली असते आणि कुणाच्या तरी पगारात ती उतरते. म्हणून ही उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मॅडम, सगळ्या तारखा गेल्या, नुसतं ##### दिसतंय. डेटा उडाला का?

नाही, काहीही उडालेलं नाही. त्या सेलवर एकदा क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथं तारीख जशीच्या तशी दिसेल. माउसचा बाण नुसता सेलवर धरून ठेवलात तरी छोट्या चौकटीत खरी किंमत दिसते. कॉलम अरुंद आहे आणि त्यात ती तारीख मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बेरजा, फिल्टर, सूत्रं सगळं आतल्या खऱ्या किमतीवर चालतं, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही.

कळकळीनं एकच सांगते, पुन्हा टाइप करत बसू नका. एका गुळाच्या अडतीत नवीन लागलेल्या मुलानं शेतकऱ्यांच्या दोन महिन्यांच्या पट्ट्यांच्या तारखा वहीतून बघून पुन्हा भरल्या होत्या. कॉलम तेवढाच अरुंद, त्यामुळे भरलेली प्रत्येक तारीख परत हॅश होऊन बसली. शिवाय चार ठिकाणी वहीतली चुकीची ओळ बघितली गेली. आधी बरोबर असलेला हिशेब दुरुस्तीच्या नादात बिघडला.

अपवाद एक आहे. फॉर्म्युला बारमध्येसुद्धा ##### हीच अक्षरं दिसत असतील तर ती किंमत खरोखर गेलेली आहे. अरुंद कॉलम कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला आणि तिथून परत शीटमध्ये आणला की असं होतं, कारण नोटपॅडमध्ये पडद्यावर दिसणारं तेवढंच जातं. तेव्हा मूळ फाइल शोधण्याला पर्याय नाही.

नावं लांब असली तर अर्धी दिसतात किंवा शेजारच्या सेलवर पसरतात. मग तारीख आणि आकडाच का झाकला जातो?

कारण अर्धं नाव वाचणाऱ्याला अर्धं आहे हे कळतं, अर्धा आकडा मात्र कळत नाही. ‘पाटील बाळासाहे’ एवढंच दिसलं तर पुढं काहीतरी राहिलंय हे कुणालाही समजतं. पण १,२५,००० मधला पहिला एक झाकला गेला आणि २५,००० दिसले, तर ते पूर्ण, बिनचूक आकड्यासारखे दिसतात. कुणी त्यावर चेकसुद्धा लिहील. म्हणून एक्सेल आकडा किंवा तारीख कापून दाखवत नाही. पूर्ण मावत असेल तर दाखवतं, नाहीतर सगळा सेल हॅशनं भरून टाकतं. लिबरऑफिस कॅल्कमध्येही हाच नियम आहे. तिथं आकड्याला ### येतं आणि न मावणाऱ्या मजकुराला लहानसा लाल त्रिकोण येतो.

मला ही पद्धत मनापासून पटते. जो आकडा पूर्ण दिसत नाही तो न दिसलेलाच बरा.

कॉलम रुंद करायची नेमकी पद्धत काय?

वर जिथं A, B, C लिहिलेलं असतं तिथं, हव्या त्या कॉलमच्या उजव्या कडेवर बाण न्या. बाणाचं दुहेरी टोक झालं की डबल क्लिक करा. त्या कॉलममधल्या सगळ्यात लांब किमतीएवढी रुंदी होते. पूर्ण शीटला हेच करायचं असेल तर डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणावर क्लिक करून सगळं निवडा आणि कुठल्याही एका कॉलमच्या कडेवर डबल क्लिक करा. कीबोर्डनं करायचं तर Alt दाबून सोडा, मग ओळीनं H, O, I.

इथं एक अडचण हमखास येते. A1 मध्ये ‘माहे एप्रिल अखेर कच्च्या मालाच्या खरेदीचा तपशील’ असं लांबलचक शीर्षक असतं. डबल क्लिक केलं की तारखेचा कॉलम त्या शीर्षकाएवढा होतो आणि बाकीचे कॉलम पडद्याबाहेर जातात. अशा वेळी पूर्ण कॉलम न निवडता फक्त तारखांचे सेल निवडा, समजा A4 पासून A120 पर्यंत, आणि मग Alt, H, O, I दाबा. रुंदी तेवढ्या निवडलेल्या सेलपुरतीच मोजली जाते. शीर्षक उजवीकडे पसरलेलं राहतं आणि तारखा नीट दिसतात.

एक्सेलच्या नव्या शीटमध्ये कॉलमची रुंदी साधारण ८.४३ असते, म्हणजे आठ-साडेआठ अंक मावतील एवढी. `dd-mm-yyyy` अशी तारीख रेघांसकट १० अक्षरांची होते, ती त्यात मावणार नाही. पण नव्या शीटमध्ये हातानं तारीख टाइप केली तर हॅश येत नाहीत, कारण टाइप करताना एक्सेल स्वतःच कॉलम थोडा रुंद करतं. ज्या कॉलमची रुंदी कुणीतरी आधी हातानं ठरवलेली असते त्याला ते हात लावत नाही. म्हणून जुन्या, दहा हातांतून फिरलेल्या फाइलमध्ये हॅश जास्त भेटतात.

डबल क्लिक केलं तरी कॉलम हलतच नाही.

शीटला संरक्षण दिलेलं असणार. `Review` मध्ये `Unprotect Sheet` आहे, पासवर्ड माहीत असेल तर तिथून काढा. संरक्षण ठेवायचंच असेल तर पुन्हा लावताना `Format columns` ला टिक करा. मग सूत्रं कुलपात राहतात आणि रुंदी मात्र बदलता येते.

वरचे सगळे आकडे दिसतात, फक्त खालच्या एकूण बेरजेत हॅश येतात. असं का?

रोजचे आकडे लहान, वर्षाची बेरीज मोठी. महिन्याला ८,४०,००० ची खरेदी असेल तर बारा महिन्यांची १,००,८०,००० होते. अंक तर वाढलेच, वर एक स्वल्पविरामही वाढला. त्यात रुपयाची खूण आणि शेवटी .०० असेल तर लांबी आणखी वाढते. शिवाय बेरीज आपण जाड अक्षरात करतो आणि जाड अक्षर जागा जास्त खातं. ही बेरीज सूत्रानं हळूहळू वाढत गेलेली असते, कुणी ती टाइप केलेली नसते, म्हणून कॉलम आपोआप रुंद झालेला नसतो. पैसे दाखवायची गरज नसेल तर दशांश काढून टाका. तेवढ्यानं तीन अक्षरांची जागा मोकळी होते. आतली किंमत तशीच राहते, फक्त दिसणं बदलतं.

आमचा तक्ता ठरलेल्या छापील नमुन्यातला आहे. रुंदी वाढवली की शेवटचा कॉलम दुसऱ्या पानावर जातो.

मग तारीख आखूड करा. सेल निवडून Ctrl+1 दाबा, `Custom` मध्ये जा आणि `dd-mm-yy` लिहा. दोन अक्षरं वाचतात आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नाही पुरलं तर त्याच खिडकीत `Alignment` मध्ये `Shrink to fit` आहे. त्यानं अक्षर मावेल एवढं बारीक होतं. ती टिक करता येत नसेल तर आधी `Wrap text` काढा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. नुसत्या `Wrap text` वर विसंबू नका. मजकूर त्यानं दोन ओळींत येतो, आकडा येत नाही.

`Shrink to fit` मी पगारपत्रकात वापरत नाही. एका माणसाचा आकडा मोठा आणि दुसऱ्याचा बारीक दिसतो, आणि वयस्कर कामगाराला स्वतःचाच पगार वाचायला चष्मा पुरत नाही.

कॉलम अर्ध्या पडद्याएवढा केला, तरी हॅश जात नाहीत. उलट वाढतच जातात!

आता खरा प्रश्न आला. हे हॅश वेगळ्या जातीचे आहेत आणि रुंदीशी त्यांचा काही संबंध नाही. ओळखायची खूण सोपी आहे. बाण सेलवर धरा. अरुंद कॉलम असेल तर खरी किंमत दिसते. ह्या जातीत मात्र, तारीख किंवा वेळ ऋण आहे अथवा फार मोठी आहे, अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक, दुपारचे बारा म्हणजे ०.५. ह्या मोजणीत शून्याच्या खाली तारीखच नाही. त्यामुळे उत्तर ऋण आलं आणि सेलचं फॉरमॅट तारखेचं किंवा वेळेचं असलं की दाखवायला काहीच उरत नाही आणि हॅश येतात.

`IFERROR` लावून हे जाईल अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ते जाणार नाही. एक्सेल ह्याला चूक मानतच नाही, आत व्यवस्थित ऋण आकडा बसलेला असतो. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

आमच्या फौंड्रीत रात्रपाळीच्या लोकांच्याच तासांत हॅश येतात. दिवसपाळीचं बरोबर येतं.

हा प्रश्न शिरोलीतून येतो, गोकुळ शिरगावातून येतो, जिथं जिथं भट्टी रात्री चालते तिथून येतो. एक खरंखुरं पान घेऊन बघू. B मध्ये आल्याची वेळ, C मध्ये गेल्याची वेळ आणि D मध्ये साधी वजाबाकी, त्यातून अर्धा तास जेवणाचा वजा.

```
=C2-B2-TIME(0,30,0)
```

दिवसपाळीचा माणूस सकाळी ७:०० ला आला, दुपारी १५:३० ला गेला. साडेआठ तासांतून अर्धा गेला, आठ तास. बरोबर. रात्रपाळीचा माणूस २२:०० ला आला आणि सकाळी ६:३० ला गेला. शीटला मधली मध्यरात्र माहीत नाही. त्याच्या दृष्टीनं साडेसहातून बावीस वजा होतात, म्हणजे उणे साडेपंधरा तास. त्यातून जेवणाचा अर्धा गेला की उणे सोळा. ते दाखवता येत नाही म्हणून हॅश.

इथवर फक्त दिसण्याची अडचण वाटते. धोका खाली बेरजेत आहे. एका माणसाच्या २० दिवसपाळ्या आणि ६ रात्रपाळ्या झाल्या. खरे तास २६ × ८ म्हणजे २०८. शीटमध्ये २० × ८ म्हणजे १६० तास जमा झाले आणि ६ × १६ म्हणजे ९६ तास वजा झाले. बेरीज आली ६४. ही बेरीज धन आहे, त्यामुळे तिथं हॅश येत नाहीत. स्वच्छ, नीटनेटका ६४:०० दिसतो. ताशी ७५ रुपये दर धरला तर १५,६०० च्या जागी ४,८०० रुपये होतात. वरचे सहा हॅश ‘कॉलम अरुंद असेल’ म्हणून कुणी सोडून दिले, तर त्या माणसाची रात्रीची मेहनत तर गेलीच, शिवाय दिवसाची मजुरीही कापली गेली. असा कागद मी स्वतः एका कारखान्यात हातात धरला आहे. कामगारानं तक्रार केली म्हणून तो सापडला.

उपाय एका शब्दाचा आहे:

```
=MOD(C2-B2,1)-TIME(0,30,0)
```

`MOD` इथं काय करतं ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. वजाबाकी ऋण आली तर त्यात एक पूर्ण दिवस मिळवून उत्तर धन करून देतं. उणे साडेपंधरा अधिक चोवीस, म्हणजे साडेआठ. दिवसपाळीचं उत्तर आधीच धन असतं, त्याला हात लागत नाही. त्यामुळे एकच सूत्र वरपासून खालपर्यंत ओढता येतं.

बेरजेच्या सेलला `[h]:mm` असं फॉरमॅट द्या. चौकटी कंसाशिवाय साधं `h:mm` ठेवलं तर २०८ तासांतले पूर्ण दिवस गाळले जातात आणि फक्त १६:०० दिसतं. आणि मजुरी काढताना तासांच्या बेरजेला २४ नं गुणायला विसरू नका, कारण आत तो आकडा दिवसांत आहे. D28 मध्ये बेरीज आणि दर ७५ असेल तर:

```
=D28*24*75
```

ह्या सेलला वेळेचं फॉरमॅट लागलेलं असेल तर ते साध्या आकड्याचं करा. २४ राहून गेलं तर २०८ तासांचे फक्त ६५० रुपये येतात. हा आकडा इतका कमी असतो की चूक लगेच कळते, तेवढं एक बरं.

मग `MOD` लावलं की निर्धास्त?

नाही. `MOD` ऋण उत्तर मुकाट्यानं धन करतं, मग ते रात्रपाळीमुळे ऋण असो नाहीतर टाइप करताना चुकल्यामुळे. सकाळी ७:०० ला आलेल्या माणसाची जायची वेळ १५:३० ऐवजी ५:३० पडली, तर पूर्वी निदान हॅश दिसले असते. आता साडेबावीस तास येतील, त्यातून जेवण गेलं की बावीस. म्हणून शेजारच्या कॉलममध्ये एक राखणदार ठेवा:

```
=IF(D2>0.5,"तपासा","")
```

०.५ म्हणजे बारा तास. तुमच्याकडे सोळा तासांची दुहेरी पाळी होत असेल तर ती संख्या ०.७ करा. चोवीस तासांच्या वरची हजेरी मात्र `MOD` ला कळत नाही. तसं काम असेल तर वेळेबरोबर तारीखही त्याच सेलमध्ये भरा. मग साधी वजाबाकीच बरोबर येते.

एका मित्रानं 1904 ची सेटिंग करायला सांगितली. त्यानं हॅश गेले. ते चालेल का?

`File`, `Options`, `Advanced` मध्ये `Use 1904 date system` अशी टिक आहे. ती लावली की ऋण वेळ उण्याच्या खुणेसह दिसते, हे खरं. पण रात्रपाळीवाल्याचं उत्तर उणे सोळाच राहतं, फक्त आता ते दिसतं. चूक दुरुस्त झालेली नसते. शिवाय त्या फाइलमध्ये आधीच भरलेल्या सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस, पुढं सरकतात. त्या फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये तारखा कॉपी केल्या तरी तोच फरक पडतो. चालू हिशेबाच्या फाइलला ही टिक लावू नका.

बिलाच्या मुदतीपेक्षा पैसे किती उशिरा आले ते काढतो. काही ओळींत हॅश, काहींत 12-01-1900 असं भलतंच.

दोन्हींचं कारण एकच आहे. कास्टिंग पाठवल्याचं बिल ५-४-२०२५ चं, मुदत ४५ दिवस, म्हणजे देय तारीख २०-५-२०२५. पैसे २-५-२०२५ ला आले. आलेल्या तारखेतून देय तारीख वजा केली की उत्तर उणे १८, म्हणजे अठरा दिवस आधी मिळाले. उत्तर अगदी बरोबर आहे, पण त्या कॉलमला तारखेचं फॉरमॅट लागलंय. उणे १८ अशी तारीख नसते, म्हणून हॅश. दुसऱ्या पार्टीचे पैसे बारा दिवस उशिरा आले, तिथं १२ हा आकडा तारीख समजून १२ जानेवारी १९०० दाखवला गेला. कॉलम निवडा, Ctrl+1, `Number`, दशांश शून्य. -18 आणि 12 समोर येतील. इथं सूत्र बदलायचं नाही. ऋण दिवस ही इथं खरी माहिती आहे, ती `MOD` नं पुसू नका.

रकमेचा कॉलम होता. काहीतरी कळ दाबली गेली आणि काही रकमांच्या तारखा झाल्या, मोठ्या रकमांचे हॅश झाले.

Ctrl, Shift आणि 3 एकत्र दाबलं गेलं असेल. त्यानं निवडलेल्या सेलना तारखेचं फॉरमॅट लागतं. ४५,००० ही रक्कम मग १५ मार्च २०२३ दिसते. एक्सेलमधली शेवटची तारीख ३१ डिसेंबर ९९९९, म्हणजे २९,५८,४६५ वा दिवस. त्याच्या वरच्या प्रत्येक रकमेला हॅश येणार, कॉलम कितीही रुंद करा. कॉलम निवडून Ctrl+Shift+1 दाबा, रकमा परत दिसतील.

पडद्यावर सगळं व्यवस्थित, छापल्यावर किंवा पीडीएफ केल्यावर हॅश. गावभर फिरलेला पीडीएफ परत कसा आणायचा?

परत आणता येत नाही, म्हणून आधी बघायचं. पडदा आणि प्रिंटर अक्षरांची रुंदी थोडी वेगळी मोजतात. डबल क्लिकनं कॉलम अगदी घट्ट बसवलेला असला की केसभर फरकानं आकडा मावेनासा होतो. पडद्यावर झूम ९० टक्के केल्यावर हॅश येणं आणि १०० टक्क्यांवर जाणं, हाही त्यातलाच प्रकार. माझी सवय अशी आहे: डबल क्लिक झाल्यावर तारखेचे आणि रकमेचे कॉलम मी आणखी एक-दोन अक्षरांएवढे सैल करते. मग Ctrl+P दाबून पूर्वदृश्यात शेवटच्या पानापर्यंत जाते, कारण सगळ्यात मोठ्या बेरजा तिथंच असतात.

माझ्या संगणकावर दिसतं, सीए साहेबांच्या ऑफिसात हॅश दिसतात.

तारखेच्या फॉरमॅटच्या यादीत काही नमुन्यांपुढं तारका असते. तो नमुना ज्याच्या त्याच्या विंडोजच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. तुमच्याकडे आखूड तारीख असेल आणि तिकडं महिन्याचं नाव लिहिणारी लांब, तर तिकडं मावणार नाही. फाइल बाहेर जाणार असेल तर `Custom` मध्ये `dd-mm-yyyy` असं स्वतः लिहून द्या. तुम्ही वापरलेला फॉन्ट तिकडं नसेल तरीही रुंदी बदलते.

बँक खातं क्रमांक टाकला तर हॅश येत नाहीत, 2.34E+15 असं येतं.

सेल `General` असेल तर लांब आकडा हॅश होण्याआधी असा आखडतो. बारा किंवा त्याहून जास्त अंक असले तर कॉलम कितीही रुंद असला तरी हेच होतं. ह्यात नुकसान खरं आहे. एक्सेल पंधरा अंकच धरून ठेवतं, सोळावा अंक शून्य होतो आणि परत येत नाही. खातं क्रमांकाच्या कॉलमला भरण्याआधी `Text` फॉरमॅट द्या, किंवा क्रमांकाच्या आधी ' ही खूण टाका. आधीच भरलेले सोळा अंकी क्रमांक पासबुकावरून पडताळून घ्या.

हॅश मुद्दाम आणायचे, असं तुम्ही वर्गात म्हणालात. ते कशासाठी?

तारखा खऱ्या आहेत की नुसत्या तारखेसारख्या दिसणारा मजकूर आहेत, हे तपासायला. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये तारखांचा कॉलम मी आधी ओढून अगदी अरुंद करते, तीन-चार अक्षरांएवढा. खऱ्या तारखांचे लगेच हॅश होतात. जे सेल तरीही अर्धवट अक्षरं दाखवतात किंवा शेजारी पसरतात, ते मजकूर आहेत. फिल्टर आणि क्रमवारी त्यांना तारीख म्हणून घेणार नाही, आणि त्यांच्यावरची सूत्रंही दगा देऊ शकतात.

महिना आधी लिहायच्या अमेरिकन सेटिंगवर भरलेल्या फाइलमध्ये हे हमखास सापडतं. तिथं १४/०३/२०२५ टाकलं तर चौदावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणून पडून राहतं. अरुंद केल्यावर असे सेल दिसले की मी आजूबाजूच्या हॅश झालेल्या सेलकडेही संशयानं बघते. त्याच फाइलमध्ये ०५/०३/२०२५ ही ५ मार्चची पट्टी ३ मे म्हणून बसलेली असते, आणि ती खरी तारीख असल्यामुळे ह्या चाचणीत पास होते. तेव्हा कॉलम परत रुंद करायचा, फॉरमॅट `dd-mmm-yyyy` करायचं म्हणजे महिना अक्षरात दिसतो, आणि बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी वहीशी ताडून बघायच्या. तेरा तारखेपासूनच्या मजकूर होऊन पडलेल्या असतात, त्या आधीच सापडलेल्या असतात.